गडचांदुरात आर्केड कॅबिनेट : कोणत्या वाटेनं बांधावं?

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये ज्यांनी रुपये घातले, त्यांना ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव सांगून काही आठवत नाही. ‘मुस्तफा’ म्हटलं की लगेच आठवतं. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला हा खेळ आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावानं ओळखला गेला. चंद्रपूरला मामाकडे गेलो की बसस्टँडजवळच्या एका अंधाऱ्या खोलीत मी तो खेळायचो. खेळातलं आता फार आठवत नाही, पण हात आठवतो. डाव्या मुठीत लाल गोळ्याची दांडी आणि उजव्या हाताखाली ‘कट्’ असा आवाज करणारी जाड बटणं असायची. मोबाइलच्या काचेवर तेच खेळ मिळतात, पण बोटाखाली काहीच हलत नाही.

मी गडचांदुरात घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो. मागच्या वर्षी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करणारा शेजारचा मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, “काका, तसलं खेळाचं कॅबिनेट आपल्याला बनवता येईल का?” बनवता येतं हे मला माहीत होतं. पण शोधायला बसलो तेव्हा एकाच कामाच्या पाच-सहा वाटा दिसल्या, आणि प्रत्येक वाटेवरचा माणूस आपलीच वाट खरी सांगत होता. त्या सगळ्या वाटा तपासून आम्ही एक निवडली आणि दोन खेळाडूंचं कॅबिनेट उभं केलं. या लेखात त्या वाटा कोणत्या, आम्ही कोणती का निवडली आणि तारा कशा जोडायच्या हे सांगतो.

माझी कसोटी आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्यात सुटा भाग दुसऱ्या दिवशी हातात येतो. आमच्याकडे चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत, हवेत बारीक धूळ असते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वीज केव्हाही जाते-येते. अशा ठिकाणी सगळ्यात चांगला भाग कोणता, यापेक्षा मोडल्यावर इथेच कोणता दुरुस्त होईल हा प्रश्न मोठा. माझी पुढची सगळी मतं याच प्रश्नातून आली आहेत.

एन्कोडर म्हणजे काय, आणि कोणता?

जुन्या पार्लरमधल्या पेटीत प्रत्येक खेळाचा स्वतंत्र सर्किट बोर्ड असायचा. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेनं ‘जामा’ नावाची ५६ टोकांची एकच जोडणी ठरवली. त्यामुळे बोर्ड काढून दुसरा लावला की त्याच पेटीत नवा खेळ सुरू व्हायचा. बटणांच्या तारा थेट त्या जोडणीवर जात. आज त्या बोर्डाच्या जागी संगणक आला आहे, आणि संगणकाला नुसती तार कळत नाही. बटण दाबलं गेलं, हे यूएसबीच्या भाषेत सांगणारा दुभाषा मध्ये लागतो. त्या छोट्या पट्टीला एन्कोडर म्हणतात.

पहिली वाट तयार बोर्डाची. चिनी बनावटीच्या एकाच बोर्डात शेकडो खेळ भरून येतात, त्याला जामाच्या तारा जोडल्या की काम झालं. सोपं आहे, यात शंका नाही. पण त्यातले खेळ बहुतेक वेळा हक्क न घेता भरलेले असतात, आणि बोर्ड बिघडला तर तो उघडून काही करता येत नाही, आख्खा फेकावा लागतो. म्हणून ही वाट आम्ही सोडली.

दुसरी वाट जुना कीबोर्ड उघडून त्यातल्या पट्टीला बटणं जोडण्याची. कीबोर्ड फुकट मिळतो, त्यामुळे मोह होतो. अडचण अशी की कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि कोणती आडवी तार कोणत्या उभ्या तारेला टेकली, यावरून कळ ओळखली जाते. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर वीज मागच्या वाटेनं फिरून चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. टंकलेखनात हे क्वचित घडतं. दोघं खेळत असले की दर मिनिटाला घडतं, आणि आपण न मारलेली लाथ पात्र मारतं. प्रत्येक कळीला डायोड लावून हे थांबवता येतं, पण इतके कष्ट घ्यायचे तर एन्कोडर घेतलेला बरा.

तिसरी वाट ब्रिटनच्या अल्टिमार्क कंपनीच्या आय-पॅकसारख्या एन्कोडरची. हा स्वतःला कीबोर्ड म्हणवतो, पण प्रत्येक बटणाला त्याच्यावर स्वतंत्र स्क्रू-टर्मिनल असतं, म्हणून जाळीची अडचण येत नाही. वस्तू फार चांगली आहे. तारा पेचकसानं आवळता येतात, ही तर दुरुस्ती करणाऱ्याला सोन्यासारखी गोष्ट. फक्त ती परदेशातून मागवावी लागते आणि गेली की पुन्हा मागवावी लागते.

चौथी वाट रास्पबेरी पाय पिको या छोट्या पट्टीवर ‘जीपी२०४०-सीई’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर भरण्याची. थोडं सोल्डरिंग येत असेल तर आज मला हीच वाट सगळ्यात आवडते. बटण दाबल्यापासून संगणकाला कळेपर्यंतचा वेळ इथे फार कमी असतो, आणि पट्टी जळाली तरी तशीच दुसरी पट्टी आणून फाइल भरायला पाच मिनिटं लागतात. एक जपायचं: तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, तिथे ५ व्होल्ट लागले तर पट्टी मरते.

आम्ही मात्र पाचवी वाट घेतली, ती सगळ्यात रुळलेली. ‘झिरो डिले’ या नावानं ऑनलाइन मिळणारा हिरवा-पिवळा एन्कोडर बटणं, दांडी आणि तारा यांच्यासकट संच म्हणून येतो. नावावर जाऊ नका. विलंब शून्य नसतो. पण खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं, आणि घरचा टीव्ही चित्र सुधारण्याच्या खटाटोपात बहुधा एन्कोडरपेक्षा जास्त वेळ खातो. टीव्ही वापरणार असाल तर आधी त्याचा ‘गेम मोड’ चालू करा, मग एन्कोडरला दोष द्या. मुलाला वायरिंग शिकायची होती, आणि या पट्टीवर चूक केली तरी सहसा काही जळत नाही. निवडीचं खरं कारण हेच होतं.

बटणं, आणि सुताराचं सूत

बटणं दोन घराण्यांची असतात. जपानी घराण्याची, म्हणजे सानवा आणि तिच्या नकला, छेदात नुसती दाबून बसवायची असतात. ती अतिशय हलकी असतात आणि ३० मिलिमीटरचा छेद मागतात. अमेरिकी घराण्याची बटणं लांब आटे असलेली, मागून नट आवळायची आणि खाली सुटा मायक्रोस्विच अडकवायची. हात जपानी बटणांवर जास्त खूश होतो, हे मी मान्य करतो. पण जपानी बटणातला स्विच आत बंद असतो. अमेरिकी बटणाचा मायक्रोस्विच मात्र खालून दोन मिनिटांत काढून दुसरा बसवता येतो, आणि तसाच मायक्रोस्विच मिक्सर, लिफ्ट, इतर यंत्रांतही असतो. माझ्या दुकानाच्या खणात तो आहेच. आमच्या धुळीत हे महत्त्वाचं ठरतं.

दुसरं कारण सुताराकडे कळलं. पॅनेल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “भाऊ, छेद किती सुताचा पाडू?” सुताराचं माप इंच आणि सूत, एका इंचाची आठ सुतं. अमेरिकी बटणाचा मूळ छेद सव्वा इंचाहून एक सूत कमी, म्हणजे बरोबर नऊ सूत, मिलिमीटरमध्ये साडेअठ्ठावीस. तेवढा होल कटर त्यांच्याकडे होता. ३० मिलिमीटरचं जपानी बटण सुतात नीट बसत नाही. साडेनऊ सुताला ते किंचित ढिलं पडतं. त्यामुळे जपानी बटणं घ्यायची असतील तर ३० मिलिमीटरचा कटर आधी स्वतः आणून सुताराच्या हातात द्या.

जाडीचंही बघा. सहसा १८ मिलिमीटरचं प्लायवूड वापरतात आणि बाजूच्या फळ्यांना ते ठीकच आहे. पॅनेलला तेवढी जाडी नको. दांडी खालून बसते, त्यामुळे जाड फळीत ती वर पुरेशी दिसत नाही, मुठीत येत नाही. आम्ही पॅनेलला १२ मिलिमीटर वापरलं. दोघांना कोपराला कोपर न लागता उभं राहायचं तर रुंदी निदान दोन फूट हवी. शेजारच्या बटणांच्या मध्यबिंदूंत ३६ मिलिमीटर अंतर ठेवलं तर मोठ्या आणि लहान दोन्ही हातांना चालतं. आधी पुठ्ठ्यावर गोल काढून त्यावर घरातल्या सगळ्यांचे हात ठेवून पाहिले. पुठ्ठा चुकला तर फेकता येतो.

तारा : लेखाचा गाभा

मायक्रोस्विचला तीन पाय असतात. एकावर COM, दुसऱ्यावर NO, तिसऱ्यावर NC लिहिलेलं असतं. COM म्हणजे सामाईक. NO म्हणजे एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा. NC म्हणजे एरवी जुळलेला, दाबल्यावर तुटणारा. आपल्याला COM आणि NO हे दोनच हवेत. चुकून NC ला तार गेली तर बटण सोडलेलं असताना दाबल्यासारखं वागतं: पडद्यावरचं पात्र उभ्या उभ्या बुक्क्या मारत राहतं आणि सेटिंगची यादी आपोआप पुढे पळते. हे दिसलं की दुसरीकडे शोधू नका, पाय बदला.

आता एन्कोडरच्या आत काय चालतं ते समजलं की बाकी सगळं सोपं होतं. एन्कोडर प्रत्येक बटणाच्या तारेवर एका रोधामधून विजेचा हलका दाब धरून ठेवतो आणि तारेकडे बघत बसतो. बटण दाबलं की ती तार ग्राउंडला टेकते, दाब शून्यावर येतो आणि एन्कोडर म्हणतो, ‘दाबलं’. म्हणजे प्रत्येक बटणाला एक तार स्वतःची लागते, सिग्नलची, आणि दुसरी लागते ती फक्त ग्राउंडची. ग्राउंड सगळ्यांचं एकच.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एन्कोडर संगणकापासून सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवा. बटणांच्या प्रत्येक पांढऱ्या खाचेत दोन पिना असतात. एका खाचेच्या एका पिनेवर एक टोक धरा आणि दुसरं टोक बाकीच्या खाचांवरून फिरवा. कुठेच बीप आला नाही, तर पहिलं टोक त्याच खाचेच्या दुसऱ्या पिनेवर धरून पुन्हा फिरवा. प्रत्येक खाचेतली एक पिन बीप देते, दुसरी गप्प राहते. बीप देणाऱ्या सगळ्या पिना आतून जोडलेल्या ग्राउंडच्या. गप्प राहणाऱ्या सिग्नलच्या. शेजारच्या मुलानं हे केलं आणि तो म्हणाला, “म्हणजे काका, निम्म्या तारा उगाचच आहेत!” त्याचं बरोबर होतं.

आमचा हिशेब असा होता. प्रत्येक खेळाडूला वेगळा एन्कोडर. एका खेळाडूला दांडीचे चार स्विच, खेळायची सहा बटणं, एक स्टार्ट आणि एक नाण्याचं, असे बारा स्विच, दोघांचे चोवीस. संचातल्या जोडतारा तशाच लावल्या तर अठ्ठेचाळीस तारा लोंबकळतात. त्याऐवजी प्रत्येक बटणाला सिग्नलची एक तार नेली आणि ग्राउंडची एकच तार माळेसारखी एका बटणाच्या COM वरून पुढच्याच्या COM वर फिरवली. तारा जवळजवळ निम्म्या झाल्या, आणि कोणती तार काय करते हे पाहताक्षणी कळू लागलं. दोन खेळाडूंच्या माळा वेगळ्या ठेवा. विजेच्या दृष्टीनं दोन्ही ग्राउंड यूएसबीतून एकच होतात, पण बिघाड शोधताना पॅनेलच्या दोन बाजू वेगळ्या असल्या की सोपं जातं.

माळेचं शेवटचं टोक मोकळं सोडू नका. ते परत एन्कोडरच्या ग्राउंडवर आणा, म्हणजे माळ गोल होईल. हे आम्ही पहिल्यांदा केलं नाही आणि धडा मिळाला. एका संध्याकाळी दुसऱ्या खेळाडूची पहिली तीन बटणं चालत होती. चौथं, पाचवं, सहावं, स्टार्ट, सगळं मेलेलं. मुलगा एन्कोडर बदलायला निघाला. मी म्हटलं, थांब, मेलेली बटणं पॅनेलवर शेजारी-शेजारी आहेत का बघ. होती. एकच बटण मेलं असतं तर दोष त्याच्या सिग्नलच्या तारेत किंवा स्विचमध्ये. एका ठिकाणापासून पुढचं सगळं मेलं तर दोष माळेत. तिसऱ्या आणि चौथ्या बटणामधली क्लिप सुटलेली निघाली. माळ गोल असती तर दुसऱ्या बाजूनं ग्राउंड पोचत राहिलं असतं आणि खेळ थांबलाच नसता.

ती क्लिप सुटण्याचंही कारण होतं, आणि ते गावाकडे बांधणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. चपट्या पायावर सरकवायच्या पितळी क्लिपा गाडीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, हॉर्नला लावतात त्या. पण गाडीच्या क्लिपा बहुधा ६.३ मिलिमीटरच्या असतात आणि अमेरिकी बटणाच्या मायक्रोस्विचचा पाय ४.८ मिलिमीटरचा. ती क्लिप बसते, पण डुगडुगते, आणि बटणावरच्या ठोक्यांनी महिन्याभरात सुटते. ४.८ च्याच क्लिपा मागवा. मिळेपर्यंत सोल्डर करायचं असेल तर डाग पटकन द्या. लोखंड फार वेळ टेकवलं तर स्विचचं प्लास्टिक मऊ होऊन आतली पत्ती हलते.

दांडीचं एक कोडं सगळ्यांना पडतं. दांडी पॅनेलमध्ये मधोमध टेकलेली असते, म्हणून मूठ वर गेली की खालचं टोक खाली जातं आणि खालच्या बाजूचा स्विच दाबतं. पॅनेल उलटं करून पाहताना ‘वर’ची तार वरच्या स्विचला जोडायचा मोह होतो, ती खालच्या स्विचला हवी. डावं-उजवंही तसंच. शंका असेल तर दांडी ढकला आणि कोणता स्विच ‘कट्’ करतो ते कानानं ठरवा.

या एन्कोडरवर बटणांच्या खाचांशेजारी मोड, टर्बो आणि ऑटो अशाही खाचा असतात. नेहमीचं बटण चुकून मोडच्या खाचेत गेलं तर ते दाबताच दांडीचा प्रकार बदलतो आणि खेळ दांडीला ओळखेनासा होतो. टर्बोत गेलं तर ते धरून दुसरं बटण दाबताच त्या बटणाचा एक दाब अनेक दाब होऊन जातो. दांडी मधूनच मेली तर आधी हीच जागा तपासा.

बटणांत दिवे असतील तर त्यांच्या तारा या सगळ्यापासून वेगळ्या ठेवा. पुष्कळ बटणांचे दिवे १२ व्होल्टचे असतात. तो १२ व्होल्ट चुकून सिग्नलच्या तारेला लागला तर एन्कोडर जातो आणि सोबत संगणकाचा यूएसबीही जाऊ शकतो. आम्ही दिव्यांसाठी वेगळा अडॅप्टर घेतला आणि त्याच्या तारा लाल रंगाच्याच वापरल्या. सिग्नलला लाल तार कुठेच नाही.

तपासणी

पॅनेल कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावरच तपासा. विंडोजच्या संगणकाला एन्कोडर लावून `joy.cpl` चालवा. यादीत बहुधा `Generic USB Joystick` असं नाव दिसतं. त्याचे गुणधर्म उघडले की बटण दाबल्यावर त्याच्या क्रमांकाचा गोल उजळतो. लिनक्सवर हेच काम दोन ओळींत होतं:

```
sudo apt install joystick
jstest /dev/input/js0
```

प्रत्येक बटण दहा वेळा दाबा, दाबून धरा, पॅनेलला बाजूनं थोपटा. गोल लुकलुकला तर क्लिप सैल आहे. दोन गोल एकदम उजळले तर दोन सिग्नल कुठेतरी एकमेकांना टेकले आहेत. हे आता सापडलं तर पेचकसाचं काम. कॅबिनेट बंद झाल्यावर सापडलं तर पाठ वाकवायचं काम.

दोन्ही एन्कोडर सारखेच असले तर संगणकाला त्यांची नावंही सारखीच दिसतात. एक कोणता आणि दोन कोणता, हे यूएसबीच्या जागेवरून ठरतं. दोन्ही प्लगांवर आणि त्यांच्या जागांवर १ आणि २ असं रंगानं लिहून ठेवा, नाहीतर साफसफाईनंतर पहिला खेळाडू दुसरा होतो आणि भांडणं लागतात.

संगणक, एम्युलेटर आणि खेळांचा हक्क

‘मेम’ हा एम्युलेटर इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. तो जुन्या बोर्डावरच्या प्रत्येक चिपचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो, आणि मूळ चिपमधून उतरवलेली माहिती, रॉम फाइल, त्या उभ्या केलेल्या बोर्डावर चालते. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर चालायचा. एखाद्या कार्यालयानं मोडीत काढलेला संगणकही ते सहज पेलतो.

बरेच लोक रास्पबेरी पाय घेतात. वस्तू छान आहे, पण बंद लाकडी पेटीत आमच्या उन्हाळ्यात मी ती ठेवणार नाही. तिचा प्रोसेसर ८० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि बाहेरच ४५ असताना पेटीतलं अंतर फार उरत नाही. शिवाय वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडण्याची भीती असते. पायच वापरायची असेल तर ही आज्ञा चालवून बघा. उत्तर `throttled=0x0` नसेल तर वीज किंवा उष्णता यांपैकी एक कमी-जास्त पडते आहे:

```
vcgencmd get_throttled
```

आम्ही मोडीतला डेस्कटॉप घेतला, त्यात छोटा एसएसडी टाकला आणि ‘बाटोसेरा’ ही मोफत प्रणाली बसवली. ती पेनड्राइव्हवरूनही चालते, त्यामुळे आधी हार्डडिस्कला हात न लावता चालवून पाहता येतं. तिचा मुख्य भाग वाचण्यापुरता खुला असतो, त्यामुळे वीज गेल्यानं प्रणाली सहसा मोडत नाही. पहिल्यांदा सुरू झाल्यावर दांडी आणि बटणं एकेक करून ओळखवून घ्यावी लागतात. त्यात ‘हॉटकी’ हे एक बटण विचारलं जातं, ते सोडू नका. हॉटकी आणि स्टार्ट एकत्र दाबलं की खेळातून बाहेर येता येतं. आम्ही नाण्याचं बटणच हॉटकी केलं.

खेळ सुरू न होण्याचं सगळ्यात मोठं कारण वायरिंगमध्ये नसतं, ते रॉमच्या आवृत्तीत असतं. मेम जसजसा सुधारतो, तसतशी त्याला लागणाऱ्या फाइलींची यादी बदलते. एका आवृत्तीसाठीची फाइल दुसऱ्या आवृत्तीत ‘सापडली नाही’ म्हणते. ‘मुस्तफा’ची फाइल `dino.zip`, ती मेमच्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेल्या एम्युलेटरमध्ये आणि आजच्या मेममध्ये सारखी चालेलच असं नाही. ‘मेटल स्लग’सारख्या निओ-जिओ खेळांना सोबत `neogeo.zip` ही वेगळी फाइल लागते. फाइलचं नाव बदलू नका आणि ती उघडूनही टाकू नका. मेम नावावरूनच खेळ ओळखतो.

हक्काचं मात्र स्पष्ट लिहितो. एम्युलेटर मोफत आहे. खेळ मोफत नाहीत. ‘मुस्तफा’, ‘स्ट्रीट फायटर’ यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत आणि जुने झाले म्हणून ते संपले नाहीत. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर हक्कधारकांनी परवानगी दिलेले थोडे खेळ आहेत, उदाहरणार्थ ‘रॉबी रोटो’ आणि ‘ग्रिडली’, तेही नफ्यासाठी न वापरण्याच्या अटीवर. आमच्या कॅबिनेटची सगळी तपासणी आम्ही त्यांच्यावरच केली. कॅपकॉमसारख्या कंपन्या आपले जुने खेळ संगणकासाठी विकतातही. ते विकत घेऊन दांडीवर खेळता येतात. कोणी जत्रेत पैसे घेऊन असं कॅबिनेट चालवायचं म्हणत असेल, तर माझा सल्ला आहे की ते करू नका. खेळांचे हक्क आणि करमणुकीच्या जागेचा परवाना, दोन्ही बाजूंनी अडकाल.

पडदा, अर्थिंग आणि धूळ

पडद्याबद्दल थोडक्यात. जुने खेळ चार-तीन प्रमाणाचे आहेत. कार्यालयांतून निघालेले १९ इंची चौकोनी एलसीडी पडदे त्यांना जवळजवळ बरोबर बसतात. त्यांचं काचेचं क्षेत्र साधारण ३७६ बाय ३०१ मिलिमीटर असतं आणि मागे १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार स्क्रूंची जागा असते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही बसवायची हौस कितीही असली तरी आवरा. वीज काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात. शिकणाऱ्या मुलाचा हात तिथे जाऊ नये.

अर्थिंगकडे मात्र नीट बघा, कारण मी दुकानात रोज हेच पाहतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये तीन पायांचा प्लग कारणाशिवाय नसतो. आत एक गाळणी असते, तिची छोटी कपॅसिटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून धातूच्या डब्याला जोडलेली असतात. तिसरा पाय अर्थला लागलेला नसेल तर डबा दोन्हींच्या मध्ये तरंगतो: मल्टिमीटर लावला तर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात, पण अनवाणी मूल लोखंडी पॅनेलला हात लावणार असेल तर तेवढंही नको. तीन पायांचा प्लग दोन पायांच्या सॉकेटात अडॅप्टर लावून घालू नका. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाची तार खरंच जमिनीत गेलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळ घरांत भोक असतं, पण मागे तार नसते. पॅनेल लोखंडी असेल तर त्यालाही अर्थची तार लावा.

धुळीसाठी आम्ही कॅबिनेटला तळाशी हवा आत येण्याची जागा आणि वर बाहेर जाण्याची जागा ठेवली, आणि खालच्या जागेला कूलरच्या गाळणीची जाळी लावली. गडचांदुरातली धूळ बारीक आणि पांढरी असते. पावसाळ्यात ओल धरली की मायक्रोस्विचच्या दाब्याभोवती थर घट्ट होतो. एखादं बटण दाबल्यावर उशिरा सुटू लागलं, तर स्विच बाहेर काढून मऊ ब्रशनं साफ करा. तेल घालू नका, तेलाला धूळ जास्त चिकटते. ओल आणि वाळवी यांसाठी प्लायवूड पाण्यात न सुटणाऱ्या बीडब्ल्यूपी दर्जाचं घेतलं आणि कॅबिनेट जमिनीपासून दोन इंच उंच रबरी पायांवर ठेवलं. इथल्या सागाची चौकट करावी असं सुतारकाका म्हणत होते; छान दिसली असती, पण तेवढा खर्च पेलणारा नव्हता.

शेवटचं एकच सांगणं. काम संपलं की एका कागदावर दोन्ही एन्कोडरांचं चित्र काढा, कोणत्या खाचेत कोणत्या रंगाची तार जाते, माळ कुठून निघते आणि कुठे परत येते ते लिहा, आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कॅबिनेटच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दोन वर्षांनी एखादं बटण बंद पडेल, तेव्हा दार उघडणारा माणूस तुम्ही नसाल, कदाचित तुमच्या घरातलं एखादं लहान पोर असेल.